विश्लेषण : टोमॅटोच्या मुळांवरची गाठ औषधाने का सुटत नाही?

दुपारी बाराच्या उन्हात टोमॅटोच्या प्लॉटमधली काही झाडे माना टाकतात. ठिबक सकाळीच चालून गेलेले असते, माती ओली असते. संध्याकाळी तीच झाडे पुन्हा ताठ उभी दिसतात. दुसऱ्या आठवड्यात पाने पिवळी पडू लागतात, फुटवा थांबतो. शेतकरी कृषी सेवा केंद्रात जातो, तिथे मॅग्नेशियम आणि झिंक सुचवले जाते. पंधरा दिवसांनी खताचा आणखी एक डोस पडतो. एवढे सगळे झाल्यावर कोणीतरी झाड उपटून पाहते, तेव्हा मुळांवर हरभऱ्याच्या दाण्याएवढ्या, कुठे मणी ओवावेत तशा एकाला एक चिकटलेल्या गाठी दिसतात. मग निमॅटोडचे औषध आणले जाते आणि ठिबकमधून सोडले जाते.

ते औषध वाया जाते असे नाही. पण गाठ दिसेपर्यंत त्या हंगामातला महत्त्वाचा निर्णय हातातून गेलेला असतो. मूळगाठ सूत्रकृमीचा बंदोबस्त पीक उभे असताना होत नाही. आधीचे पीक काढताना आणि पुढचे रोप निवडताना जे ठरते, त्यावर तो अवलंबून असतो. आपल्याकडे मात्र सल्ला, विक्री आणि खर्च सगळे उभ्या पिकाभोवती फिरते.

मुळावर गाठ कशी तयार होते?

सूत्रकृमी म्हणजे डोळ्यांना न दिसणारा, दोऱ्यासारखा कृमी. भाजीपाल्यात गाठी करणाऱ्या गटाचे शास्त्रीय नाव मेलॉइडोगायनी. आपल्या उष्ण मैदानी भागात त्यातल्या इन्कॉग्निटा आणि जावानिका या दोन जाती सर्वाधिक आढळतात. अंड्यातून बाहेर पडणारे पिल्लू साधारण अर्धा मिलिमीटर लांब असते. त्याच्याकडे फार दिवसांची शिदोरी नसते, अंगात साठलेल्या स्निग्धांशावर ते मूळ शोधत फिरते. मुळाच्या टोकाच्या किंचित मागे, जिथे मूळ लांबत असते तिथे ते आत शिरते, पेशींच्या फटींतून सरकत मुळाच्या मधल्या भागात जाते आणि तिथे कायमचे बसते.

पुढचा भाग मला या सगळ्या गोष्टीतला सर्वात विलक्षण वाटतो. हा कृमी पेशी खात नाही. तोंडातल्या सुईसारख्या अवयवाने तो आजूबाजूच्या पाच ते आठ पेशींमध्ये लाळ सोडतो. त्या लाळेने पेशींचा कारभारच बदलतो. पेशीतले केंद्रक पुन्हा पुन्हा विभागत राहते, पेशी मात्र विभागत नाही. एका पेशीत कित्येक डझन, कधी शंभराच्या आसपास केंद्रके जमतात आणि ती पेशी मूळ आकाराच्या शेकडो पट फुगते. या महापेशी म्हणजे सूत्रकृमीने झाडाकडूनच बांधून घेतलेले स्वयंपाकघर. झाड पानांत तयार केलेले अन्न तिथे पाठवत राहते. या महापेशींभोवतालच्या साध्या पेशीही वाढतात, विभागतात, आणि बाहेरून आपल्याला दिसते ती गाठ तयार होते.

म्हणजे गाठ हा कृमी नव्हे, जखमही नव्हे. ती झाडाच्या स्वतःच्या पेशींनी बनलेली आहे. एकदा तयार झालेली गाठ कोणत्याही औषधाने विरघळत नाही, याचे कारण हेच. मुळातल्या ज्या नळ्यांतून पाणी वर चढते, त्या या फुगवट्यात वाकड्यातिकड्या होतात. माती ओली असूनही झाड दुपारी का सुकते आणि खत देऊनही पिवळे का पडते, याचे उत्तर या वाकड्या नळ्यांत आहे. खत मातीत असते, पण ते वर पोहोचत नाही.

मादी आत बसल्या बसल्या नासपतीच्या आकाराची होते आणि शरीराच्या मागच्या टोकाला चिकट पिशवीत अंडी घालते. एका पिशवीत साधारण २०० ते ५००, कधी त्याहून जास्त. इन्कॉग्निटा जातीला त्यासाठी नराचीही गरज नसते. माती २७-२८ अंशांच्या आसपास असेल तर अंड्यापासून अंड्यापर्यंतचे चक्र २५ ते ३० दिवसांत पूर्ण होते.

आता साधा गुणाकार करून पाहू. समजा, एका मादीने ४०० अंडी घातली आणि त्यातली फक्त पाच टक्के, म्हणजे २० पिल्ले मुळात शिरून मोठी झाली. दुसऱ्या पिढीत ४००, तिसरीत ८ हजार, चौथीत १ लाख ६० हजार. टोमॅटोचे पीक जमिनीत साडेचार-पाच महिने असते, म्हणजे चार पिढ्या सहज होतात. प्रत्यक्षात मुळांवरची जागा संपते, म्हणून आकडा इतका वर जात नाही. पण लागवडीच्या दिवशी मातीत किती कृमी होते, यावर शेवट किती अवलंबून आहे ते यातून कळते. सुरुवातीचा आकडा निम्मा केला तर प्रत्येक पिढी निम्म्याने कमी होते. चौथ्या पिढीत औषध टाकून तसा परिणाम मिळत नाही, कारण तेव्हा बहुतेक माद्या आणि अंडी मुळाच्या आत आणि चिकट पिशवीत सुरक्षित असतात. औषध प्रामुख्याने मातीत फिरणाऱ्या पिल्लांवर काम करते आणि त्याचा प्रभाव काही आठवड्यांत ओसरतो.

ही सूत्रकृमीच आहे, हे कसे ओळखायचे?

झाड हिसका देऊन उपटू नये. गाठी असलेली बारीक मुळे तुटून मातीतच राहतात आणि हातात येते ते स्वच्छ दिसणारे सोटमूळ. खुरप्याने किंवा कुदळीने बाजूने माती मोकळी करून झाड अलगद उचलावे आणि मुळे बादलीतल्या पाण्यात हलवून धुवावीत.

चवळी, घेवडा, भुईमूग अशा पिकांत एक गफलत होते. त्यांच्या मुळांवर नत्र धरणाऱ्या रायझोबियम जिवाणूंच्या गाठी असतात आणि त्या हव्याच असतात. फरक सोपा आहे. जिवाणूची गाठ मुळाला बाजूने चिकटलेली असते, बोटाने चोळली की सुटून येते आणि फोडली तर आत गुलाबीसर दिसते. सूत्रकृमीच्या गाठीत मूळच फुगलेले असते, ती चोळून सुटत नाही. सोडवायला गेले तर मूळ तुटते.

दुसरी खूण शेतातल्या जागेची. अन्नद्रव्याची कमतरता बहुधा प्लॉटभर सारखी दिसते. सूत्रकृमीची सुरुवात ठिपक्यांनी होते, इथे आठ-दहा झाडे, तिथे एक ओळ, बहुतेकदा पाणी वाहून साचते त्या खालच्या टोकाला. कृमी स्वतःच्या बळावर एका हंगामात जेमतेम हातभर अंतर जातो. त्याला दूर नेणारे वाहते पाणी, रोपे आणि अवजारे. भाड्याचा रोटाव्हेटर गावभर फिरतो आणि पात्यांना चिकटलेली माती एका शेतातून दुसऱ्या शेतात पोहोचते. पाती धुवायला दहा मिनिटे लागतात. ती दहा मिनिटे कोणी देत नाही, कारण त्याचे भाडे मिळत नाही.

गाठी मोजण्यासाठी जगभर वापरली जाणारी एक सोपी प्रतवारी आहे. गाठ नसेल तर शून्य, १-२ गाठींना एक, ३ ते १० गाठींना दोन, ११ ते ३० ला तीन, ३१ ते १०० ला चार आणि शंभरच्या वर पाच. यासाठी सूक्ष्मदर्शक लागत नाही. वही आणि पाण्याची बादली पुरते.

फेरपालट करूनही त्रास का जात नाही?

‘आम्ही फेरपालट करतो’ हे वाक्य भाजीपाला पट्ट्यात सगळीकडे ऐकू येते आणि ते खरेही असते. टोमॅटोनंतर काकडी, काकडीनंतर ढोबळी मिरची, मग कारले किंवा भेंडी. माणसाच्या बाजारात ही चार वेगळी पिके आहेत. सूत्रकृमीसाठी मात्र तोच डबा वेगवेगळ्या झाकणांनी आलेला असतो. टोमॅटो, वांगी, भेंडी, काकडी, दोडका, कारले, दुधी, कलिंगड, घेवडा, गाजर, ही सगळी तिची आवडती घरे. अशी फेरपालट बुरशीच्या काही रोगांसाठी उपयोगी पडते, सूत्रकृमीसाठी तिचा अर्थ उरत नाही.

शेडनेट आणि पॉलिहाऊसमध्ये हे अधिक तीव्र होते. तिथे माती कायम ओली आणि उबदार असते, वर्षात दोन-तीन पिके निघतात, आणि काकडी-ढोबळीच्या पलीकडे दुसरे पीक त्या खर्चात परवडत नाही. या उभारणीला सरकारी अनुदान मिळते, आणि ते योग्यच आहे. पण सांगाडा आणि कापड यांच्यासोबत दर दोन वर्षांनी माती तपासण्याची आणि एक हंगाम उन्हात तापवण्याची अट नसावी, हे मला पटत नाही. जी माती बिघडल्यावर सगळा सांगाडाच निकामी होतो, तिची तपासणी अनुदानाच्या कागदांत शेवटी का यावी?

मग कोणती पिके फेरपालटीला चालतात? लसूण आणि कांदा तुलनेने गरीब यजमान आहेत, म्हणजे कृमी त्यांच्यावर फारशी वाढत नाहीत. त्यात कांदा हिवाळ्यात जमिनीत असतो आणि थंड मातीत सूत्रकृमीचे चक्र संथ होते. भुईमूग इन्कॉग्निटाला चांगला आडवतो, पण जावानिकाचे काही प्रकार आणि आणखी एक जात भुईमुगावर जगतात. म्हणून कोणती जात आहे हे न पाहता भुईमुगावर सगळी भिस्त ठेवणे धोक्याचे. मक्याचे तर बियाण्यागणिक बदलते. मक्याचे कित्येक संकरित वाण इन्कॉग्निटाला निवांत पोसतात आणि वर काहीच दिसू देत नाहीत. ‘मका लावला म्हणजे जमिनीला विश्रांती’ हे समीकरण इथे चुकते.

राहिला झेंडू. झेंडूची जिवंत मुळे अल्फा-टर्थिएनिल नावाचे द्रव्य तयार करतात, ते सूत्रकृमीला मारक असते. शिवाय मुळात शिरलेल्या पिल्लांना तिथे वाढता येत नाही. पण बांधावर एक ओळ झेंडू लावून आत टोमॅटो घेतला तर या गुणाचा उपयोग जवळजवळ शून्य, कारण परिणाम झेंडूच्या मुळांच्या आसपासच होतो. झेंडू संपूर्ण क्षेत्रात, दाट आणि किमान दोन-तीन महिने हवा. सगळे झेंडू सारखेही नसतात. बुटका मखमली, म्हणजे फ्रेंच झेंडू, सर्वसाधारणपणे अधिक भरवशाचा ठरला आहे. हारांसाठी लावल्या जाणाऱ्या मोठ्या आफ्रिकन झेंडूत वाणानुसार फरक पडतो.

तरीही महाराष्ट्रात झेंडू सुचवणे सोपे आहे, कारण इथे त्याला दसरा-दिवाळीची बाजारपेठ आहे. इतर देशांत शेतकऱ्याला झेंडू बिनउत्पन्नाचे पीक म्हणून लावावा लागतो. आपल्याकडे तो विकला जातो.

फेरपालटीचा आणखी एक छुपा शत्रू म्हणजे तण. शेतात कांदा उभा आहे आणि त्यात कामोणी, माठ, घोळ वाढले आहेत, तर कांद्याने केलेले काम तण पुसून टाकते. कामोणी ही टोमॅटोची चुलत बहीण, तिच्या मुळांवर तशाच गाठी येतात.

एका एकराचा हिशेब

समजा, जुन्नर-आंबेगाव भागात एक एकर क्षेत्र आहे. खरिपाचा टोमॅटो ऑक्टोबरअखेर संपतो. ओळींत पाच फूट आणि झाडांत दीड फूट अंतर धरले तर एकरी सुमारे ५,८०० झाडे बसतात. तार आणि बांबू काढण्याआधी शेतात नागमोडी चालत २० झाडे खणून काढायची आणि प्रतवारी लिहायची.

नोंद अशी आली असे धरू : ७ झाडांना शून्य, ४ झाडांना दोन, ५ झाडांना तीन, ३ झाडांना चार आणि एका झाडाला पाच. बेरीज ४०, सरासरी दोन. सरासरी पाहून वाटेल, फार नाही. पण चार आणि पाच प्रतवारीची चारही झाडे खालच्या टोकाची निघाली, तर तिथला पाव एकर पुढच्या काकडीला किंवा टोमॅटोला पहिल्या महिन्यातच पकडणार, आणि पाटाच्या पाण्यासोबत उरलेल्या शेतात पसरणार. माझ्या मते सरासरीपेक्षा ही वाटणी जास्त पाहावी.

पहिले काम नोव्हेंबरमधले, आणि तेच सर्वात जास्त टाळले जाते. तोडे संपले की झाडे तशीच उभी सोडली जातात. वरचे झाड मरगळलेले दिसले तरी मूळ जिवंत असते आणि माद्या अंडी घालत राहतात. म्हणून शेवटचा तोडा झाला की आठवड्याच्या आत झाडे मुळांसकट खणून काढायची, बांधावर उन्हात कडक वाळवायची आणि जाळून टाकायची. ती उकिरड्यात किंवा शेणखताच्या खड्ड्यात गेली तर पुढच्या वर्षी खतासोबत परत येतात. रोटाव्हेटरने मुळे बारीक करून गाडणे म्हणजे अंड्यांच्या पिशव्या शेतभर समान वाटणे.

डिसेंबरमध्ये कांद्याची लागवड, एप्रिलमध्ये काढणी, मधल्या काळात कामोणी आणि माठ वेचून काढणे. एप्रिल-मेमध्ये १५ दिवसांच्या अंतराने दोन किंवा तीन नांगरटी. प्रत्येक वेळी खालची माती वर येते आणि ऊन व कोरडेपणा पिल्लांना मारतो. एकाच नांगरटीने फक्त वरचा थर वाळतो, खालचे कृमी तसेच राहतात. रोपवाटिकेचे गादीवाफे किंवा शेडनेट असेल, तर याच महिन्यांत माती ओली करून २५ मायक्रॉनचा पारदर्शक पॉलिथिन कागद चार ते सहा आठवडे घट्ट अंथरता येतो. कडा मातीत दाबाव्या लागतात, नाहीतर उष्णता निघून जाते. इथे काळा कागद चालत नाही, कारण ऊन त्यातून मातीपर्यंत पोहोचत नाही.

जूनअखेर पूर्ण एकरात झेंडू. दसरा-दिवाळीची फुले निघाली की नोव्हेंबरमध्ये झेंडू गाडायचा. मग लगेच टोमॅटो लावायचा नाही, आधी कुंडीची चाचणी. शेतातल्या पाच जागांवरून, विशेषतः त्या खालच्या टोकावरून, १५ ते २० सेंटिमीटर खोलीची माती पाच कुंड्यांत भरायची. सहाव्या कुंडीत अशा जागेची माती, जिथे कधी भाजीपाला घेतलेला नाही. सहाही कुंड्यांत साध्या, गाठीला बळी पडणाऱ्या वाणाचे टोमॅटो लावायचे आणि पाच आठवड्यांनी मुळे धुऊन गाठी मोजायच्या. प्रयोगशाळेत माती पाठवायची असेल तर ओलसर नमुना प्लॅस्टिकच्या पिशवीत, सावलीत ठेवून पाठवावा. तो वाळवला तर कृमी मरतात आणि अहवाल खोटाच चांगला येतो. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठात सूत्रकृमींवर काम करणारे केंद्र आहे.

कुंड्यांत दहाच्या वर गाठी आल्या, तर एक वर्ष पुरेसे झालेले नाही. फेरपालट संख्या खाली आणते, ती शून्य करत नाही. इथून पुढे रोपाचा प्रश्न सुरू होतो.

प्रतिकारक खुंट नेमके काय करतो?

टोमॅटोत सूत्रकृमीला रोखणारा एकच जनुक जगभर वापरात आहे, त्याचे नाव एमआय. तो मूळचा लागवडीच्या टोमॅटोत नव्हता. पेरुव्हियानम या दक्षिण अमेरिकेतल्या रानटी टोमॅटोत तो सापडला. दोघांचा संकर केला तर बी भरत नसे. १९४४मध्ये पॉल स्मिथ या अमेरिकी संशोधकाने अपक्व गर्भ काढून काचपात्रात वाढवल्याचे प्रसिद्ध केले आणि त्या संकरातून हा जनुक लागवडीच्या टोमॅटोत आला. १९९८मध्ये शास्त्रज्ञांनी तो जनुक वेगळा काढला.

त्याचे काम असे : पिल्लाने मुळात बसून लाळ सोडायला सुरुवात केली की त्याच्या भोवतालच्या पेशी एका दिवसाच्या आत स्वतःहून मरतात. स्वयंपाकघरच बांधले जात नाही, आणि पिल्लू उपाशी मरते.

पण या जनुकाला मर्यादा आहेत आणि त्या बियाण्याच्या पाकिटावर छापलेल्या नसतात. मातीचे तापमान २८ अंशांच्या वर गेले की तो काम करेनासा होतो. म्हणजे मार्च ते मे या काळात आपल्या बहुतेक भागात हा प्रतिकार भरवशाचा राहत नाही. वरच्या हिशेबात डिसेंबर-जानेवारीची लागवड याच कारणाने फायद्याची आहे. पहिल्या दोन महिन्यांत, मुळे कोवळी असताना, माती थंड असते आणि जनुक पूर्ण ताकदीने चालतो. उन्हाळी टोमॅटोत प्रतिकारक वाण लावून गाठी आल्या, तर बियाणे बनावट होते असे म्हणण्याआधी दुपारी तीन वाजता १५ सेंटिमीटर खोलीवर थर्मामीटर खोचून पाहावे. मल्चिंग पेपरच्या रंगानेही त्या आकड्यात फरक पडतो. काळ्या पेपरखाली माती अधिक तापते, चंदेरी बाजू वर ठेवली तर कमी.

दुसरी मर्यादा म्हणजे तोच जनुक त्याच जमिनीत वर्षानुवर्षे वापरला की त्याला दाद न देणारे कृमी निवडले जातात. शिवाय एंटेरोलोबी नावाची जात या जनुकाला मुळीच जुमानत नाही. भारतात तमिळनाडूच्या पेरूबागांत तिची नोंद झाली आहे. पेरूची रोपे दूरच्या रोपवाटिकांतून मातीसह येतात, त्यामुळे भाजीपाला उत्पादकांनीही त्या मातीकडे लक्ष ठेवायला हवे.

इथे कलमाचा उपयोग होतो. हवा तो बाजारी वाण वर आणि रोगाला तोंड देणारे मूळ खाली. वांग्यासाठी सोलॅनम टॉर्व्हम हे रानवांगे खुंट म्हणून वापरतात. टोमॅटोसाठी तैवानमधल्या जागतिक भाजीपाला केंद्राने सुचवलेले ईजी २०३ हे वांग्याचे खुंटवाण प्रसिद्ध आहे. त्याची ओळख जिवाणूजन्य मर आणि साचलेले पाणी सोसणारे म्हणून आहे, पण इन्कॉग्निटालाही ते प्रतिकारक असल्याचे केंद्राने नोंदवले आहे. खुंट आणि कलम जोडल्यावर पहिले काही दिवस अंधार, ९० टक्क्यांच्या आसपास आर्द्रता आणि २८-३० अंश तापमान लागते. त्यानंतर आठवडाभर हळूहळू उजेड आणि वारा दाखवतात. हे काम घरच्या गादीवाफ्यावर जमत नाही, रोपवाटिकेतच करावे लागते.

काकडी आणि कलिंगडात मात्र एक शब्द तपासून घ्यावा लागतो. या पिकांसाठी भोपळ्याच्या संकरित खुंटाची कलमे विकली जातात. मर रोगासाठी ती चांगली आहेत. सूत्रकृमीच्या बाबतीत ती बहुधा प्रतिकारक नसून सहनशील असतात. मूळ इतके जोमदार असते की गाठी येऊनही वेल उत्पादन देतो. शेतकरी खूश होतो. पण त्या जोमदार मुळांवर कृमीही जोमाने वाढतात आणि पुढच्या पिकासाठी जमीन आधीपेक्षा वाईट होऊन मिळते. प्रतिकारक खुंट कृमीची संख्या घटवतो, सहनशील खुंट ती वाढवू शकतो. विक्रेता दोन्हींना ‘निमॅटोडला चालणारे’ म्हणतो.

खर्चाचे गणित प्रत्येकाने आपापले करावे. ५,८०० झाडांना रोपामागे एक रुपया वाढला की एकरी ५,८०० रुपये वाढतात. जोमदार खुंटावर एका झाडाचे दोन फांदे चालवून झाडांची संख्या कमी करता येते. सर्वच शेतांना कलम परवडेल असे नाही. ज्या शेतात वरच्या प्रतवारीत सरासरी तीनच्या पुढे जाते आणि फेरपालटीला एक वर्षही देता येत नाही, तिथे ते परवडते असे मला वाटते. सरासरी एक असलेल्या शेतात कलमी रोप म्हणजे उगाच खर्च.

कलमी रोप लावल्यावर काय चुकते?

सगळ्यात जास्त नुकसान लागवडीच्या दिवशी होते. आपल्याकडे टोमॅटोचे रोप खोल लावायची आणि तीन-चार आठवड्यांनी बुंध्याला मातीची भर द्यायची पद्धत आहे. साध्या टोमॅटोत ती उत्तम, कारण खोडाला नवी मुळे फुटतात आणि झाड घट्ट होते. कलमी झाडात मात्र जोड मातीखाली गेला की वरच्या वाणाच्या खोडालाच मुळे फुटतात. ती मुळे साध्या टोमॅटोची असतात, सूत्रकृमी त्यांतून शिरते आणि खुंटावर खर्च केलेले पैसे मातीत जातात. जोड जमिनीपासून किमान दोन-तीन बोटे वर राहिला पाहिजे. भर द्यायची तर जोडाच्या खालीच. मजुरांना हे लागवडीच्या सकाळी सांगावे लागते, कारण त्यांचा हात सवयीने रोप खोल दाबतो. खुंटाला खालून फुटवे येतात, तेही दर आठवड्याला काढावे लागतात.

रोपवाटिकेचे रोप घेताना दहा-पंधरा रोपांचा कोकोपीट झटकून मुळे धुऊन पाहावीत. कोकोपीट स्वच्छ असतो. पण ट्रे थेट जमिनीवर ठेवले असतील तर खालच्या छिद्रातून मुळे मातीत उतरतात आणि कृमी तिथूनच आत येतात. २५-३० दिवसांच्या रोपावर तोपर्यंत बारीक गाठी दिसू लागलेल्या असतात. अशी एक गाडी रोपे म्हणजे स्वच्छ शेतात पैसे मोजून लावलेली लागण.

राज्यात भाजीपाला रोपवाटिकांसाठी पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर रोपवाटिका योजनेतून अनुदान दिले जाते. अशा रोपवाटिकेच्या बिलावर तीन गोष्टी छापायला खर्च येत नाही : खुंट कोणता, तो प्रतिकारक आहे की सहनशील, आणि ट्रे स्टँडवर वाढवले की जमिनीवर. आज बिलावर वाणाचे नाव, नग आणि दर एवढेच असते. रोप आणणाऱ्याने या तीन ओळी मागाव्यात. त्या देता येत नसतील, तर कलमी रोपाचा वाढीव दर कशासाठी, हा प्रश्न तिथेच विचारता येतो.